चार्जिंग पोर्टमध्ये पाणी असल्याचा इशारा आला, तर काय करायचं आणि काय टाळायचं

मागच्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. वहिनी चिपळूणहून स्कूटीवर भर पावसात घरी आल्या, रेनकोट खुंटीला अडकवला, फोन पदराने पुसला आणि सवयीने चार्जिंगला लावला. फोन थरथरला, पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं आणि चार्जिंग काही सुरू होईना. बॅटरी १४ टक्के. त्यांनी केबल काढून परत घातली, उलटी करून घातली, दुसऱ्या बोर्डला लावून पाहिली. चौथ्या वेळी मला दुसऱ्या फोनवरून फोन केला, "भाऊजी, फोन भिजलाय. तांदळाच्या डब्यात ठेवू का?"

मी काही वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलो आहे. पावसाळ्यात गिऱ्हाइकं चार्जिंगचा जॅक बदलायला घेऊन येत. त्यातले बरेच फोन पाण्यानं नव्हे, तर पाण्यानंतरच्या घाईनं खराब झालेले असत. म्हणून वहिनींना आधी एकच सांगितलं, "केबल काढा आणि आता परत लावू नका. तांदूळ राहू द्या." बाकीचं त्या रात्रीत टप्प्याटप्प्यानं झालं, तेच इथं सविस्तर लिहितो. हे प्रामुख्यानं टाइप-सी पोर्टच्या फोनबद्दल आहे. लायटनिंग पोर्टच्या आयफोनलाही जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं.

आधी इशारा नीट वाचा

प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे असतात. सॅमसंगवर थेंबाचं चिन्ह आणि `Moisture` हा शब्द दिसतो. पिक्सेलवर `Liquid or debris in USB port` असं येतं, म्हणजे पोर्टमध्ये पाणी किंवा कचरा आहे आणि फोननं पोर्ट स्वतःहून बंद केलाय. आयफोनवर चार्जिंग होणार नाही असा संदेश येतो आणि खाली `Emergency Override` असं बटण असतं. त्या बटणाबद्दल पुढं बोलू, तोवर त्याला हात लावू नका.

हा इशारा म्हणजे फोन बिघडल्याची खूण नाही. टाइप-सी पोर्टच्या आत टॉर्च मारून पाहिलंत, तर मधोमध एक पातळ जीभ दिसेल. तिच्या वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला १२ अशा बारीक सोनेरी पट्ट्या असतात. पोर्ट जेमतेम ८ मिलिमीटर रुंद, त्यामुळे एका पट्टीच्या मध्यापासून शेजारच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर भरतं अर्धा मिलिमीटर. पावसाचा एक थेंब चार-पाच पट्ट्यांवर आरामात पसरतो.

या पट्ट्यांपैकी काहींतून चार्जरची वीज येते. साध्या चार्जिंगला ती ५ व्होल्ट असते, जलद चार्जिंगला बहुतेक वेळा ९ किंवा त्याहून जास्त. त्यांना अगदी खेटून अशा पट्ट्या असतात, ज्यांचा चार्जिंगशी थेट संबंध नसतो. फोन मधूनमधून या शेजारच्या पट्ट्यांवर अगदी क्षीण वीज सोडून पाहतो. पोर्ट कोरडा असेल तर ती वीज कुठंच जात नाही. पाणी असेल तर ती थोडीशी गळते. ही गळती दिसली, की फोन चार्जरची वीज आत घेत नाही.

आत घेतली तर काय होईल? पाण्यातून वीज गेली, की पट्टीचा धातू झिजायला लागतो. वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. त्याखाली निकेल आणि त्याच्याही खाली तांबं. मुलामा एकदा फुटला, की तांब्यावर हिरवट-काळसर पुटं चढतात. नुसतं पाणी पोर्टमध्ये रात्रभर राहिलं, तर सहसा फारसं बिघडत नाही. पाणी आणि वीज दोन्ही एकत्र आली, तर फार वेळ लागत नाही. वहिनींनी चार वेळा केबल घातली तेव्हा फोननं चारही वेळा वीज अडवली, म्हणून त्यांचा पोर्ट वाचला.

इथं एक गोष्ट विसरू नका. अशी तपासणी सगळ्या फोनांत नसते. जुन्या मायक्रो-यूएसबीच्या बहुतेक आणि पुष्कळशा स्वस्त फोनांत ती नाहीच. त्यामुळे इशारा आला नाही म्हणजे पोर्ट कोरडा आहे, असं धरून चालू नका. भिजलेला फोन कुठलाही असो, पुढची पद्धत तीच.

पहिली दहा मिनिटं

१. केबल लावलेली असेल, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि मग केबल फोनमधून काढा. हात ओले असतील तर आधी पुसा. इअरफोन, ओटीजी असं दुसरंही काही लावलेलं असेल तर तेही काढा.

२. फोनचं कव्हर काढा. कव्हर आणि फोन यांच्या मध्ये पाणी साठलेलं असतं आणि फोन उभा धरला, की ते ओघळून परत पोर्टमध्येच जातं. फोन बाहेरून सुती कापडानं पुसा. पोर्टची कडा वरच्यावर टिपा, कापड आत कोंबू नका.

३. आता पोर्ट खाली येईल असा फोन उजव्या हातात घट्ट धरा आणि त्याची खालची कड डाव्या तळहातावर हलकेच आपटा. दहा-पंधरा वेळा. टेबलावर नाही, तळहातावरच. पाणी त्या अरुंद फटीत चिकटून बसलेलं असतं, नुसता फोन उलटा धरून ते पडत नाही. त्याला हिसका लागतो. वहिनींनी असं केलं तेव्हा तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला तळहातावर मोहरीएवढे दोन थेंब पडले. तोवर त्या म्हणत होत्या, "आत काही नाहीये, मी बघितलं."

४. वाटल्यास एकदा टॉर्च मारून आत पाहा. चकचकीत दिसलं तर पाणी आहे. पण चकचकीत दिसलं नाही म्हणून पाणी नाही, असं नव्हे. जिभेच्या मागच्या बाजूची ओल डोळ्याला दिसत नाही.

फोन पूर्ण बुडाला असेल, म्हणजे बादलीत, संडासात किंवा नदीत पडला असेल, तर गोष्ट वेगळी. मग आधी फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा आणि तो चालू करून पाहण्याचा मोह आवरा. पाणी-प्रतिबंधक नसलेला फोन असेल तर सुकण्याची वाट न बघता उघडून साफ करणाऱ्याकडे न्या. इथून पुढं मी फक्त पोर्ट ओला झाल्याबद्दल बोलतोय.

सुकवायचं म्हणजे नक्की कसं

सुकायला दोनच गोष्टी लागतात, हलती हवा आणि वेळ. पोर्टच्या तोंडावर थेट वारा येईल असा फोन ठेवा. टेबल-फॅन असेल तर उत्तम. छताचा पंखा असेल तर फोन पलंगावर किंवा गादीवर ठेवू नका, कापड खालून हवा अडवतं. लाकडी टेबलावर फोन किंचित तिरका, एखाद्या वाटीला टेकवून ठेवा. पोर्ट खालच्या दिशेला हवा, पण टेबलाला टेकून बंद व्हायला नको. वहिनींनी फोनचं खालचं टोक टेबलाच्या कडेबाहेर दोन बोटं काढलं, वरच्या टोकावर उशीचा अभ्रा घडी करून ठेवला आणि समोर स्टुलावर फॅन लावला. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

किती वेळ? कमीत कमी अर्धा तास केबलला हात लावायचा नाही. अर्ध्या तासानं एकदा लावून पाहा. इशारा परत आला, तर केबल लगेच काढा आणि परत वाऱ्यावर ठेवा. पूर्ण सुकायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, असं ॲपल स्वतःच आपल्या ग्राहकांना सांगते. दर पाच मिनिटांनी लावून बघण्यानं काहीच साधत नाही. उलट केबलची पिन आतलं पाणी आणखी मागं ढकलते.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्याचा एक वेगळा भाग आहे. हवाच इतकी दमट असते, की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तीच हवा पोर्टलाही लागते. त्यामुळे पुण्यात किंवा नाशिकमध्ये एप्रिलमध्ये तासाभरात सुकणारा पोर्ट चिपळूणला जुलैत रात्रभर घेतो. घरात एसी असेल तर फोन त्या खोलीत ठेवा, एसीची हवा कोरडी असते. मात्र फोन एसीतून काढून लगेच दमट बाल्कनीत आणू नका. थंड झालेल्या धातूवर दव धरतं, जसं फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं, आणि पाण्याला स्पर्शही न होता इशारा येतो. एसी गाडीतून उतरल्यावर "फोन भिजलाच नाही तरी थेंब कसा आला" असं विचारणाऱ्यांचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. अशा वेळी अर्धा तास फोन खोलीच्या तापमानाला येऊ द्या, इशारा आपोआप जातो.

बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवल्या असतील, तर पाच-सहा पुड्या आणि फोन एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवता येतात. पण त्या पुड्या वर्षभर ड्रॉवरमध्ये उघड्या पडून असतील तर त्यांनी तेवढ्यात खोलीतली ओल पिऊन घेतलेली असते. मला विचाराल तर फॅनच बरा.

तांदूळ, ड्रायर आणि इतर घरगुती इलाज

तांदळाचं आधी. तांदूळ हवेतली ओल ओढतो हे खरं, पण फार हळू आणि फार थोडी. उघड्या वाऱ्यावर ठेवलेला फोन त्यापेक्षा लवकर सुकतो, आणि डब्यात बंद करून आपण तो वाराच अडवतो. शिवाय तांदळाला बारीक पीठ असतं. ओल्या पोर्टमध्ये ते पीठ गेलं, की त्याची खळ होते आणि वाळून पट्ट्यांवर बसते. तुकडा-कणीचा तांदूळ असेल तर एखादी कणी जिभेच्या बाजूला अडकते. दुकानात मी चिमट्यानं कण्या काढल्या आहेत. ॲपलच्या सूचनांतही तांदळात ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

हेअर ड्रायर, गॅसजवळ ठेवणं, इस्त्रीखालचं गरम कापड, कडक ऊन, हे सगळं नको. फोन पाणी-प्रतिबंधक असतो तो आतल्या गोंदाच्या आणि रबराच्या कडांमुळे. उष्णतेनं गोंद सैल पडतो, आणि बॅटरीलाही उष्णता सोसत नाही. ड्रायर थंड हवेवर लावून लांबून धरला तर त्याचा पंखाच होतो, तेवढं चालेल. पण हात चुकून गरमवर जातो, म्हणून मी कुणाला सुचवत नाही.

तोंडानं फुंकर मारणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. फुंकरीत वाफ असते आणि थुंकीचे कणही. दाबाच्या हवेचा कॅन किंवा पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर याहून वाईट, कारण त्या जोरानं पाणी पोर्टमधून मागं रबराच्या कडेपर्यंत ढकललं जातं.

कापूस, कानकोरणं, टिश्यू पेपरची वळी करून आत घालणं. पाणी शोषलं जातं हे खरं, पण कापसाचे धागे आत राहतात आणि ओलं राहिलेलं धाग्याचं बोळं पुढं कितीतरी दिवस इशारा देत राहतं. सुई, टाचणी, सेफ्टी पिन तर मुळीच नको. जीभ नाजूक असते, एकदा वाकली की तुटते.

आणि आता ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, ते इशाऱ्याला चकवणं. काही फोन बंद करून केबल लावली, तर चार्ज घ्यायला लागतात, कारण फोन बंद असताना ती तपासणी तशी चालत नाही. हा 'उपाय' एकाकडून दुसऱ्याकडे फार आपुलकीनं सांगितला जातो. यात पाणी कुठंच गेलेलं नसतं, फक्त पहारेकरी झोपलेला असतो. पिक्सेलवर पोर्ट हातानं परत सुरू करायची सोय असते आणि आयफोनवर `Emergency Override`, तीही याच जातीची. ती ठेवली आहे खऱ्या अडचणीसाठी. घरात कुणी आजारी आहे, रुग्णवाहिका बोलवायची आहे, दुसरा फोन नाही, अशा वेळी पोर्ट गेला तरी चालेल असं ठरवून ते बटण दाबायला माझी हरकत नाही. सकाळच्या गजरासाठी किंवा मॅच बघण्यासाठी दाबू नका.

तोवर फोन कसा चालवायचा

फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर प्रश्न तिथंच सुटतो. ते पाठीतून होतं, पोर्टशी त्याचा संबंध येत नाही. पाठ आणि चार्जरची चकती दोन्ही कोरडी पुसा, कव्हर काढा आणि ठेवा. घरातल्या दुसऱ्या एखाद्या फोनला पाठीवरून चार्ज द्यायची सोय असेल, तर दोन्ही फोन पाठीला पाठ लावून दहा-पंधरा टक्के सहज भरता येतात. मात्र भिजलेल्या फोनमध्ये वायरलेस चार्जिंग असायलाच हवं. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनांत ते नसतं, वहिनींच्याही नव्हतं.

मग १४ टक्क्यांत रात्र काढायची. त्यांनी दुसऱ्या फोनवरून शाळेतल्या दोघींना कळवलं, की सकाळपर्यंत माझा फोन बंद असेल, काही असेल तर ह्यांच्या नंबरवर करा. दुसऱ्या दिवशीच्या एसटीचं आरक्षण फोनमध्ये होतं, त्याचा क्रमांक कागदावर लिहून घेतला. गजर भावाच्या फोनवर लावला आणि फोन पूर्ण बंद केला. बॅटरी बचतीवर ठेवून चालू ठेवला असता तर सकाळपर्यंत सात-आठ टक्के उरले असते. बंद केल्यानं जवळजवळ १४ चे १४ राहिले. फोन बंद असताना तो सुकतोही निवांत.

पाणी साधं नसेल तर

पावसाचं किंवा नळाचं पाणी सुकलं, की मागं फारसं काही राहत नाही. समुद्राचं पाणी, घाम, चहा, सरबत, शहाळ्याचं पाणी, साबणाचं पाणी यांचं तसं नाही. ते सुकतं, पण मीठ किंवा साखर पट्ट्यांवर तशीच राहते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे गणपतीपुळ्याहून परत आलात, फोन दोन दिवस कोरडा होता आणि तरीही रोज संध्याकाळी इशारा येतोय, तर आत मीठ आहे असं समजा. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज वाहून नेतं, म्हणून त्यानं धातूही लवकर खाल्ला जातो.

फोन पाणी-प्रतिबंधक, म्हणजे आयपी६७ किंवा आयपी६८ दर्जाचा असेल, फुटलेला नसेल आणि पूर्वी कधी उघडलेला नसेल, तर पोर्टवरून नळाचं गोडं पाणी हलक्या धारेनं सोडून मीठ धुऊन काढावं, मग वर सांगितल्याप्रमाणे ठोकून वाऱ्यावर सुकवावं. ओल्या फोनवर आणखी पाणी ओतायला हात धजत नाही हे मला माहीत आहे, पण मीठ सुकून बसण्याआधी हे केलं तरच उपयोग. दर्जा नसलेल्या, एकदा उघडलेल्या किंवा काच तडकलेल्या फोनवर हे अजिबात करू नका. तो सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि त्याला 'खारं पाणी गेलंय' हे आवर्जून सांगा.

दर्जाचा अर्थही नीट कळायला हवा. आयपी६८ची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. सॅमसंगच्या अशा बऱ्याच फोनांवर दीड मीटर खोल, ३० मिनिटं असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाणी फोनच्या पोटात जाणार नाही एवढाच. पोर्टमध्ये ते जाणारच, कारण पोर्ट उघडाच असतो. आणि पाण्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत. सिमच्या ट्रेच्या खाचेत एक छोटी पांढरी खूण असते, पाणी लागलं की ती लाल होते, आणि सेवा केंद्रात बहुतेक वेळा आधी तीच पाहतात.

सुकलं, तरी इशारा जात नाही

आता वहिनींच्या फोनकडे परत. सकाळी सहाला, म्हणजे साधारण दहा तासांनी, त्यांनी फोन चालू केला. पडद्यावर थेंब नव्हता. केबल लावली आणि थेंब परत आला. त्या वैतागल्या. मी विचारलं, "केबल काढली की थेंब जातो का?" जातो. "मग केबलची पिन बघा."

चार्जर खिडकीशेजारच्या बोर्डला होता आणि केबल रात्रभर खिडकीच्या कट्ट्यावर लोंबत होती. पावसाची झड तिच्यावर आली होती. पोर्ट सुकला होता, ओली होती ती पिन. साध्या चार्जिंगच्या केबलमध्ये तपासणीच्या त्या शेजारच्या पट्ट्यांना काही जोडलेलंच नसतं, त्यामुळे कोरडी केबल लावल्यानं फोनच्या मापात फरक पडायला नको. केबल लावल्यावरच इशारा येत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. भावाची कोरडी केबल लावली आणि चार्जिंग सुरू झालं.

म्हणून क्रम असा ठेवा. केबल न लावताही इशारा दिसतोय, तर ओल किंवा कचरा पोर्टमध्ये आहे, अजून सुकवा. केबल लावल्यावरच येतोय, तर दुसरी, नक्की कोरडी केबल लावून पाहा. दोन वेगवेगळ्या केबलींनी येतोय आणि २४ तास उलटून गेलेत, तर टॉर्च घेऊन पोर्टच्या आत नीट पाहा.

तिथं बहुतेक वेळा खिशातला कापसासारखा मळ असतो. जीन्सच्या खिशात फोन ठेवणाऱ्यांच्या पोर्टच्या तळाशी राखाडी गादीच तयार झालेली असते. ती घाम आणि ओल धरून ठेवते, आणि तिच्यामुळे केबलही पूर्ण आत बसत नाही, थोडी बाहेर राहते. पोर्ट पूर्ण सुकलेला असेल तेव्हाच, फोन बंद करून, नव्या मऊ टूथब्रशनं किंवा रंगकामाच्या बारीक कोरड्या ब्रशनं तोंड खाली धरून हलकेच झाडा. ब्रशनं निघालं नाही तर जोर लावू नका. दुकानात पाच मिनिटांचं काम आहे, भिंगाखाली करतात आणि जलद उडून जाणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतात.

पोर्ट स्वच्छ आहे, कोरडा आहे, केबल बदलली आहे, तरीही इशारा हटत नाही, तेव्हा एकदा फोन रीस्टार्ट करा. सॅमसंगवर त्यानंही गेला नाही, तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत सिस्टीम ॲप्स दाखवायला सांगा, `USBSettings` शोधा आणि त्याच्या स्टोरेजमध्ये जाऊन कॅशे पुसा, मग पुन्हा रीस्टार्ट करा. कधीकधी फोननं जुना इशारा धरून ठेवलेला असतो, तो यानं सुटतो. पण हे शेवटी करायचं. ओला पोर्ट असताना कॅशे पुसून इशारा घालवणं म्हणजे परत पहारेकऱ्याला झोपवणंच.

पिक्सेलवर सगळं ठीक झालं की फोन स्वतः `OK to use USB port` असं कळवतो. इतर बऱ्याच फोनांवर नुसतं चिन्ह निघून जातं.

दुरुस्तीवाल्याकडे कधी

टॉर्चच्या उजेडात पट्ट्या सोनेरी न दिसता काळपट किंवा हिरवट ठिपक्यांच्या दिसल्या, तर धातू खाल्ला गेलाय. दुसरी खूण म्हणजे केबल एका बाजूनं चालते, उलटी केली की चालत नाही. तिसरी म्हणजे चार्जिंग चालू असताना पोर्टजवळचा भाग बोट ठेववत नाही इतका तापतो. ही तिसरी खूण दिसली, तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा आणि रात्री झोपताना तर मुळीच लावू नका.

पुष्कळ अँड्रॉइड फोनांत चार्जिंगचा जॅक खालच्या एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असतो. दुकानदार तिला चार्जिंग बोर्ड किंवा सब-बोर्ड म्हणतात. ती आख्खी बदलता येते, मुख्य बोर्डाला हात लावावा लागत नाही. काही फोनांत जॅक थेट मुख्य बोर्डावर डाग दिलेला असतो, तिथं काम नाजूक आणि महाग होतं. आपल्या फोनमध्ये कोणता प्रकार आहे हे फोन उघडण्याआधीच विचारून घ्या. काम झाल्यावर माघारी घेताना आणखी एक विचारा, कडेचा पाणी-प्रतिबंधक गोंद नवा लावला का? लावला नसेल, तर फोनच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो आता पाण्याला तोंड देणारा फोन राहिलेला नाही. त्यानंतर पोर्टवरून नळाची धार सोडण्याचा उपायही करायचा नाही.

वहिनींचा पोर्ट मी गणपतीत गावी गेलो तेव्हा भिंगाखाली पाहिला. सगळ्या पट्ट्या पिवळ्या धमक होत्या. मग त्यांचा रेनकोट मागून घेतला. खिशाची झडप तुटलेली होती आणि आतून पाणी झिरपून तळाशी साठत होतं. फोन त्यात नेहमी पोर्ट खाली करून उभा ठेवलेला असायचा, म्हणजे त्या साठलेल्या पाण्यात आधी पोर्टच बुडायचा. आता त्या फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड दुमडून, पोर्ट वरच्या बाजूला करून ठेवतात.